२९ × ३१ आणि १७ × ५३ कधीच सारखे का येणार नाहीत?

विश्रामबागकर

मी सांगलीत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. मूळ अवयवांचा धडा चालू असताना एका मुलीनं वहीत दोन गुणाकार करून दाखवले: २९ × ३१ = ८९९ आणि १७ × ५३ = ९०१. चारही मूळ संख्या, फरक फक्त दोनचा. त्याखाली ७ × ११ × १३ = १००१ आणि १७ × ५९ = १००३. परत दोनचाच फरक. तिचं म्हणणं असं की, इतकं जवळ येतंय तर पुढं कुठंतरी, दहा-बारा आकडी संख्यांत, दोन अगदी वेगळ्या मूळ संख्यांच्या टोळ्यांचा गुणाकार नेमका सारखा का पडू नये?

पडत नाही हे मला माहीत आहे. का पडत नाही, हे तिला पटेल असं सांगता आलं पाहिजे. वरच्या वर्गाच्या पुस्तकांत एक गुणधर्म असतो: मूळ संख्येनं दोन संख्यांच्या गुणाकाराला भाग जात असेल तर त्या दोनपैकी निदान एकीला भाग जातोच. एवढ्या एका गुणधर्मावर उभं राहून, मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात इथपर्यंत कुणी नीट नेऊन दाखवेल का? मधल्या पायऱ्या गाळू नका, ही विनंती.

भडंगप्रेमी

सर, एवढं काय त्यात. ३६० घ्या. ३६ × १० करून फोडा नाहीतर १८ × २० करून फोडा, तळाला २, २, २, ३, ३, ५ हेच उतरतात. शंभर पोरांना शंभर तऱ्हेच्या फांद्या काढायला लावा, खाली माल तोच. आमच्या पोरानं फांद्या वेगळ्या काढल्या म्हणून पेपरात अर्धा मार्क कापला होता. त्याचं काय ते सांगा आधी.

विश्रामबागकर

दादा, मार्क कापला ते चुकीचंच आहे. पण तुम्ही जे सांगताय तोच तर माझा प्रश्न. खाली तोच माल उतरतो, हे ३६० ला डोळ्यांनी दिसतं. ज्या संख्येच्या फांद्या कुणी काढल्याच नाहीत तिथंही तसंच होईल, हे कशावरून?

कृष्णाकाठ

त्या मुलीच्या उदाहरणापासूनच सुरुवात करा, अक्षरं मागून आणा.

समजा तिला गुणाकार करायचीच मनाई आहे. ८९९ आणि ९०१ हे आकडे तिनं पाहिलेलेच नाहीत. तरीही २९ × ३१ आणि १७ × ५३ सारखे नाहीत, हे तिला सांगता येतं. ते सारखे असते तर उजवीकडच्या गुणाकाराला १७ नं भाग जातो म्हणून डावीकडच्यालाही गेला असता. १७ मूळ आहे, तेव्हा तुम्ही दिलेल्या गुणधर्मानं तो २९ ला तरी गेला असता किंवा ३१ ला तरी. पण २९ स्वतः मूळ आहे, तिला १ आणि २९ सोडून कुणाचा भाग जात नाही. ३१ चीही तीच गत. म्हणजे सारखेपणा शक्यच नाही. आकडे दहा अंकी घ्या नाहीतर शंभर अंकी, या बोलण्यात एक शब्दही वाढत नाही. जवळ येणं आणि एक होणं यांचा इथं संबंधच नाही. ८९९ आणि ९०१ शेजारी बसले हा योगायोग.

आता सगळ्यांसाठी. एकाच संख्येचे दोन प्रकारे मूळ अवयव पडले असं धरू:

p1 × p2 × … × pr = q1 × q2 × … × qs

डाव्या बाजूला p1 नं भाग जातो, म्हणून उजव्या बाजूलाही जातो. इथं थांबा, कारण गुणधर्म दोन अवयवांचा आहे आणि उजवीकडे आहेत कितीतरी. म्हणून उजवी बाजू दोनच तुकड्यांत बघायची: एक q1, आणि दुसरा बाकी सगळ्यांचा मिळून झालेला गुणाकार. p1 नं q1 ला भाग गेला तर काम झालं. नाही गेला, तर उरलेल्या गुणाकाराला जायलाच हवा. मग त्यातला q2 वेगळा काढा आणि पुन्हा तेच विचारा. असं करत शेवटी एकच q उरतो, त्यापुढं पळायला जागा नाही. म्हणजे कुठल्यातरी एका q ला p1 नं भाग जातो. तो q मूळ आहे, p1 काही १ नाही, म्हणून p1 आणि तो q ही एकच संख्या.

आता दोन्ही बाजूंनी ती संख्या एकेकदाच काटायची. एकेकदाच, हे मुलांना दोनदा सांगा. उरलेली बरोबरी पहिल्यापेक्षा लहान आहे. तिच्यावर p2 घेऊन तेच. दर फेरीला डावीकडचा एक आणि उजवीकडचा त्याच्याच बरोबरीचा एक असे जोडीनं बाहेर पडतात. समजा डावीकडचे आधी संपले. तर डावीकडे १ उरला आणि उजवीकडे अजून निदान एक मूळ संख्या शिल्लक आहे, म्हणजे उजवी बाजू २ किंवा त्याहून मोठी. ते होत नाही. उजवीकडचे आधी संपले तरी तसंच. दोन्हीकडचे एकदमच संपतात, म्हणून तीच मूळ संख्या आणि तितक्याच वेळा.

एकेकदाच काटण्याचा आग्रह का, ते सांगते. २ × २ × ३ आणि २ × ३ × ३ बघा. दोन्हीकडे २ आहे, दोन्हीकडे ३ आहे. नुसतं ‘कोणकोण आहे’ एवढंच तपासलं तर हे दोन्ही सारखे वाटतील. एक २ काटा, एक ३ काटा, मग २ = ३ असं खाली उरतं आणि खोटेपणा उघडा पडतो. किती वेळा, हे काटण्यानंच कळतं.

भडंगप्रेमी

मॅडम, मधेच विचारतो. १ ला मूळ म्हणत नाहीत ते याच्यासाठीच होय? लहानपणी आम्हाला म्हणायचे, नाही म्हणजे नाही.

कृष्णाकाठ

याच्यासाठी म्हणायला हरकत नाही. १ ला आत घेतलं की १२ = २ × २ × ३ = १ × २ × २ × ३ = १ × १ × २ × २ × ३, कितीही लांबवा. वरच्या युक्तिवादात ‘p1 काही १ नाही’ आणि ‘उजवी बाजू २ किंवा मोठी’ ही दोन वाक्यं लगेच पडतील.

मिरजेचा_इंजिनिअर

एवढा खटाटोप कशाला? माझा सरळ मार्ग ऐका. कुठलीही संख्या घ्या. १ सोडून तिचा सगळ्यात लहान विभाजक एकच असतो आणि तो मूळच असतो, कारण तो फुटला असता तर त्याहून लहान विभाजक मिळाला असता. त्यानं भागा. भागाकाराचा सगळ्यात लहान विभाजक पुन्हा एकच. त्यानं भागा. शेवटी १ येईपर्यंत चालू ठेवा. प्रत्येक पायरीला निवड करायला वावच नाही, म्हणून उत्तर एकच. ना p लागला ना q. कॉम्प्युटरवर दहा ओळींचा प्रोग्राम आहे, हजार वेळा चालवा, हजार वेळा तेच उत्तर.

विश्रामबागकर

हे मला पटण्यासारखं वाटतंय. मॅडम, यात खोट कुठं आहे?

कृष्णाकाठ

अर्धं अगदी बरोबर आहे, आणि ते अर्धं उपयोगाचंही आहे. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव निदान एका प्रकारे पडतातच, हे त्यातून सिद्ध होतं. शिवाय त्या रीतीनं गेलं तर उत्तर ठरलेलं. पण त्या मुलीचा प्रश्न त्या रीतीनं न जाणाऱ्याबद्दल आहे. एखाद्यानं रीत वापरलीच नाही, कुठूनतरी दुसऱ्याच मूळ संख्या गोळा करून आणल्या आणि गुणाकार तोच निघाला, तर? सगळ्यात लहान विभाजक ज्यात नाहीच अशी दुसरी मांडणी असू शकत नाही, हे तुम्ही दाखवलेलं नाही.

रीत ठरलेली असूनही दुसरी मांडणी निघते अशी एक जागा दाखवते. समजा जगात फक्त सम संख्याच आहेत: २, ४, ६, ८, १०… विषम संख्या कुणाला ठाऊकच नाहीत. सम गुणिले सम नेहमी समच, तेव्हा गुणाकार या जगाच्या आतच राहतो. इथं ४ फुटते, २ × २. ८ फुटते, १२ फुटते (२ × ६). पण ६ फुटत नाही, कारण ३ या जगात नाही. २, ६, १०, १४, १८, ३० या सगळ्या न फुटणाऱ्या.

आता ६० घ्या आणि तुमची रीत चालवा. सगळ्यात लहान विभाजक २. भागाकार ३०, ती न फुटणारी. उत्तर २ × ३०. हजार वेळा चालवा, २ × ३० च येणार. आणि तरीही ६० = ६ × १०, आणि ६, १० दोन्ही न फुटणाऱ्या. रीतीला निवड नव्हती, संख्येला होती.

का बिघडलं तेही बघा. ६ × १० आहे म्हणून ६० ला ६ नं भाग जातो. पण ६० = २ × ३० असं लिहिलं की ६ नं २ ला भाग जात नाही, आणि ३० ला पण जात नाही, कारण ३० ÷ ६ = ५ आणि ५ या जगात नाही. नेमका तुमचा गुणधर्म इथं मोडला, बाकी सगळं शाबूत आहे. म्हणून खटाटोप.

मार्केटयार्ड_आप्पा

मॅडम, आमचा धंदा बेदाण्याचा. तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण ३६० चा आकडा बघितला म्हणून विचारतो. गोडाऊनला ३६० बॉक्स एका थरात लांबी-रुंदीत लावायचे असतील तर किती तऱ्हा होतात? पुतण्या म्हणतो चोवीस विभाजक आहेत म्हणून बारा तऱ्हा. मी कागदावर मांडून बघितलं तर बारा आल्या खऱ्या. पण मला शंका की एखादी सुटली तर नाही ना.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

आप्पा, सुटलेली नाही, आणि का नाही ते या धाग्याचंच उत्तर आहे. ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. पुतण्यानं असं मोजलं असणार: विभाजकात २ शून्य ते तीन वेळा येईल, म्हणजे चार पर्याय, ३ शून्य ते दोन वेळा, तीन पर्याय, ५ एक तर नाही किंवा एकदा, दोन पर्याय. ४ × ३ × २ = २४. लांबी ठरली की रुंदी ठरते, आणि २० × १८ व १८ × २० ही एकच तऱ्हा धरली म्हणून बारा.

आता शंका अशी निघू शकते की ७ किंवा ११ आत असलेला एखादा विभाजक या मोजणीतून निसटला असेल. समजा ७ चा गुणाकार असलेली लांबी निघाली. लांबी × रुंदी = ३६०. लांबीचे मूळ अवयव आणि रुंदीचे मूळ अवयव एकत्र लिहिले की ३६० चे मूळ अवयव झाले, आणि त्यात ७ आहे. पण ३६० ची यादी एकच असू शकते आणि तिच्यात ७ नाही. म्हणून तशी लांबी नाही. मोजून बघायची गरजच नाही.

मार्केटयार्ड_आप्पा

पुतण्या हुशार निघाला म्हणायचा. बरं, एक थर नको आणि दोन थर केले तर परत विचारीन.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

मॅडम, आता माझी शंका. माझ्या नोट्समध्ये तो गुणधर्मच असा सिद्ध केलाय: p नं ab ला भाग जातो, म्हणजे ab च्या मूळ अवयवांत p आहे; ते अवयव a चे आणि b चे मिळून झालेत; म्हणून p एक तर a त किंवा b त. हे वाचायला छान आहे, पण यात यादी एकच असते हे आधीच धरलंय ना? वर आप्पांना मी जे सांगितलं तेच हे. मग गुणधर्मावरून एकमेवपणा आणि एकमेवपणावरून गुणधर्म, दोघं एकमेकांच्या खांद्यावर बसलेत.

कृष्णाकाठ

अगदी मोक्याचं बोट ठेवलंस. दोन्ही गोष्टी एकमेकींतून निघतात हे खरं, म्हणून निदान एक तरी बाहेरून सिद्ध व्हायला लागते. तुझ्या नोट्समधला पुरावा त्यामुळं चालणार नाही. युक्लिडच्या सातव्या पुस्तकात हा गुणधर्म तिसावं विधान म्हणून येतो, आणि त्या पुस्तकाची सुरुवातच लहान संख्या मोठीतून वजा करत जाण्यानं होते. मसावि काढायची जी भागाकाराची रीत आपण पाचवी-सहावीत घोटली, तीच.

१७ आणि २९ वर करून दाखवते. २९ ला १७ नं भागलं, बाकी १२. १७ ला १२ नं, बाकी ५. १२ ला ५ नं, बाकी २. ५ ला २ नं, बाकी १. म्हणजे मसावि १, त्यात नवल नाही. पण आता त्याच पायऱ्या उलट्या चढा. १ म्हणजे ५ वजा दोन वेळा २. त्यातला २ म्हणजे १२ वजा दोन वेळा ५, तो घाला: १ म्हणजे पाच वेळा ५ वजा दोन वेळा १२. ५ च्या जागी १७ वजा १२ घाला: पाच वेळा १७ वजा सात वेळा १२. १२ च्या जागी २९ वजा १७ घाला:

१ = १२ × १७ − ७ × २९

पडताळा: २०४ − २०३ = १. आता याला ३१ नं गुणा:

३१ = १२ × १७ × ३१ − ७ × (२९ × ३१)

उजवीकडचा पहिला भाग १७ च्या पटीत आहेच. आणि समजा २९ × ३१ ला १७ नं भाग जातो. तर दुसराही १७ च्या पटीत, मग त्यांची वजाबाकीही, म्हणजे ३१ ही. पाहिलंस का, ‘२९ ला जात नाही’ एवढ्यावरून ‘मग ३१ ला जायलाच हवा’ हे निघालं. ३१ मूळ आहे हे मी कुठंही वापरलं नाही. ३१ च्या जागी कुठलीही संख्या ठेव, चालेल. २९ च्या जागीही १७ नं भाग न जाणारी कुठलीही ठेव. १७ मूळ असल्यानं तिच्याशी मसावि १ च निघेल. मूळ अवयवांच्या यादीचा इथं उल्लेखसुद्धा आला नाही, म्हणून गोल फिरणं संपलं.

मिरजेचा_इंजिनिअर

रीतीबद्दलचं मान्य. पण सम संख्यांचं जग ही चलाखी आहे. तिथं १ च नाही! ज्या जगात १ नाही तिथं काहीही बिघडू शकतं. १ असलेलं जग दाखवा, मग मानतो.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

१ असलेलं दाखवतो. ४ नं भागून बाकी १ उरते त्या सगळ्या संख्या घ्या: १, ५, ९, १३, १७, २१, २५, २९, ३३… अशा दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा तसाच असतो. हे उदाहरण हिल्बर्टच्या नावानं सांगतात. इथं ९ फुटत नाही, कारण ३ या यादीत नाही. २१ फुटत नाही, ३३ नाही, ७७ नाही. आणि

६९३ = ९ × ७७ = २१ × ३३

दोन वेगळ्या मांडण्या, चारही न फुटणाऱ्या. १ तिथं हजर आहे, काही वाचवू शकला नाही.

मिरजेचा_इंजिनिअर

९ × ७७ = ६९३. २१ × ३३ = ६९३. ठीक. मग १ चा दोष नाही. कशाचा दोष आहे?

बीएस्सी_दुसरं_वर्ष

मॅडमची वरची पोस्ट पुन्हा वाचली तेव्हा माझ्या असं ध्यानात आलं की त्यात वजाबाकी आहे. बाकी काढणं म्हणजे वजाबाकीच, आणि ‘दोन्ही १७ च्या पटीत म्हणून त्यांची वजाबाकीही’ हेही. या ४ च्या जगात ९ − ५ = ४, आणि ४ यादीत नाही. बेरीजही टिकत नाही, ५ + ९ = १४. म्हणजे भागून बाकी काढायची पहिलीच पायरी अडते. सम संख्यांच्या जगात बेरीज-वजाबाकी टिकते, पण तिथं १ हातात नाही, त्यामुळं ‘१ = …’ ही ओळ लिहिताच येत नाही.

कृष्णाकाठ

बरोबर पकडलंस. प्रश्न सगळा गुणाकाराचा दिसतो, विधानात बेरजेचं नावही नाही. पण त्या गुणधर्माचा पुरावा बेरीज-वजाबाकीला हात लावल्याशिवाय होत नाही. नुसत्या गुणाकाराच्या नियमांवर तो काढू म्हटलं तर तोच पुरावा ४ च्या जगातही चालला असता, आणि ६९३ नं त्याला खोटं पाडलं असतं. विद्यार्थ्यानं आणलेला पुरावा तपासायचा असला तर मी हेच करायचे: तो सम संख्यांवर किंवा या ४ च्या यादीवर चालवून बघायचा. तिथंही बिनतक्रार चालला तर खोट आहे, फक्त कुठं ते शोधायचं. इंजिनिअरसाहेबांचा लहान विभाजकाचा पुरावा असाच पकडला.

आणि हे नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. गॉसनं १८०१ च्या आपल्या पुस्तकात सोळाव्या कलमात हे विधान मांडताना सरळ म्हटलंय की, अवयव पडतात हे सोपं, पण ते अनेक प्रकारे पडत नाहीत हे लोक बहुधा सिद्ध न करताच धरून चालतात.

कुपवाडचे_नाना

उशिरा येतोय. गुणधर्माशिवायही थेट पुरावा आहे, झर्मेलोच्या नावानं ओळखला जातो. थोडक्यात: दोन प्रकारे फुटणारी सगळ्यात लहान संख्या N घ्या. N = p × a = q × b, जिथं p आणि q वेगवेगळ्या मांडण्यांतल्या मूळ संख्या, p लहान. दोन मांडण्यांत सामाईक मूळ संख्या नाही, असती तर काटून आणखी लहान संख्या मिळाली असती. आता N मधून p × b वजा करा. उरतं ते एकीकडून p × (a − b) आणि दुसरीकडून (q − p) × b. ही संख्या N पेक्षा लहान, म्हणून तिची मांडणी एकच. p तिच्यात आहे. b च्या मांडणीत p नाही, म्हणून p नं q − p ला भाग जातो, म्हणजे q ला जातो. q मूळ, p वेगळा. विसंगती. झालं. सहा ओळींत, मसावि नको, उलट्या पायऱ्या नकोत.

मुलांना हाच शिकवावा असं माझं मत.

विश्रामबागकर

नाना, मी दोनदा वाचला. पटला, पण N मधून p × b च का वजा करायचं हे कुठून सुचलं ते मुलांना सांगता येणार नाही. मॅडमच्या मार्गात प्रत्येक पाऊल आधीच्यातून येतं. १७ कुणाला जातो हे विचारणं मुलांना आपसूक जमतं.

कुपवाडचे_नाना

सुचणं वेगळं आणि पटणं वेगळं. तुमचा गुणधर्म मुलांना ‘पुस्तकात आहे’ म्हणून द्यायचा आणि त्यावर इमारत बांधायची, त्यापेक्षा सहा ओळी संपूर्ण बऱ्या.

कृष्णाकाठ

नाना, पुरावा सुरेख आहे आणि मला आवडतो. एवढंच नोंदवते की वजाबाकी त्यातही आहेच. मात्र तो संपला की हातात फक्त एकमेवपणा उरतो. मसाविच्या मार्गानं गेलं की १ = १२ × १७ − ७ × २९ ही ओळही हातात राहते, आणि पुढं शेष गणितात भागाकार करायला तीच लागते. आठवीला काय द्यावं हे शिकवणाऱ्यानं ठरवावं. मी कॉलेजात शिकवलं, आठवीतली मुलं मला ठाऊक नाहीत.

भडंगप्रेमी

मॅडम, एक सांगा. त्या ४ च्या जगातला ६९३ चा घोळ बाहेरून बघितला तर घोळच नाही. ३ × ३ × ७ × ११ आहे ते. दोघं चौघांच्या जोड्या वेगळ्या लावतात, एवढंच. त्यांना ३ आणि ७ दिसत नाहीत म्हणून भांडतात.

कृष्णाकाठ

दादा, अगदी असंच आहे. ९ म्हणजे ३ × ३, ७७ म्हणजे ७ × ११. २१ म्हणजे ३ × ७, ३३ म्हणजे ३ × ११. हरवलेले ३, ७, ११ परत आणले की यादी पुन्हा एकच. १८४० च्या दशकात कुमर या जर्मन गणितज्ञापुढं अशा संख्यापद्धती होत्या, जिथं एकमेवपणा खरोखरच मोडतो आणि बाहेरून बघायला मोठं जग हाताशी नाही. त्यानं न दिसणारे अवयव आहेत असं मानूनच हिशेब मांडला आणि तो चालला. १८४७ मध्ये लामे यानं पॅरिसच्या अकादमीत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचा पुरावा म्हणून जे मांडलं, त्यात हा एकमेवपणा गृहीत धरलेला होता. लिऊव्हिलनं तिथंच शंका काढली, आणि तो पुरावा टिकला नाही.

विश्रामबागकर

त्या मुलीला आज १७ आणि २९ × ३१ चं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, “मग १७ च्या जागी १५ घेतला तर?” मी म्हटलं, करून बघ. ६ × १० ला १५ नं भाग जातो, ६ ला नाही, १० ला नाही, हे तिनं स्वतः काढलं. गुणधर्मात ‘मूळ’ हा शब्द कशासाठी आहे ते न सांगता कळलं. एकेकदाच काटण्याचं मात्र अजून दोन तास खाणार. नानांचा पुरावा दहावीच्या दोघांना दिलाय, बघू.

मिरजेचा_इंजिनिअर

मी दहा ओळींचा तो प्रोग्राम जरा बदलून चालवला. ३ नं भागून बाकी १ उरणाऱ्या संख्या: १, ४, ७, १०, १३… तिथं पहिला घोळ १०० ला सापडला, ४ × २५ = १० × १०. ४ च्या जगात ६९३ हा पहिला नाही; त्याआधी ४४१ आहे, ९ × ४९ = २१ × २१. सम संख्यांत ३६, २ × १८ = ६ × ६. आता ५ नं भागून बाकी १ वाल्या संख्या लावल्यात. मॅडम, असं एखादं जग असेल का, की जिथं यादी अपुरी आहे पण घोळ कधीच होत नाही?

बीएस्सी_दुसरं_वर्ष

फक्त १, २, ४, ८, १६… घ्या. न फुटणारी एकच, २. घोळ होणार कुठून?

मिरजेचा_इंजिनिअर

ती पळवाट झाली. बाकीवाल्या यादीतलं विचारतोय मी.